नीरेच्या दोन काठांवरचे ट्रॅक्टर

इंदापूरहून अकलूजला जाताना आधी बावडा लागतं, मग सराटी, आणि सराटी संपली की नीरा नदीचा पूल. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर. सराटीच्या शेतकऱ्याला सातबारा, पीककर्जाची कागदं आणि तहसीलदार इंदापुरात, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवर. किराणा, कापड, दवाखाना आणि गॅरेज मात्र पूल ओलांडला की अकलूजमध्ये. नदीने जिल्हे वेगळे केले, बाजार वेगळा केला नाही.

एका ट्रॅक्टर कंपनीने आपल्या डीलरांची हद्द आखताना ही नदीच प्रमाण मानली असं समजू. इंदापूर तालुका एका डीलरकडे, माळशिरस तालुका अकलूजच्या डीलरकडे. कागदावर यापेक्षा स्वच्छ रेघ सापडणार नाही, आणि भांडणाची सोय नेमकी तिनेच करून ठेवली आहे. गावं, नदी, रस्ता खरे आहेत. दोन डीलर, त्यांची कंपनी आणि पुढचे आकडे मी समजुतीसाठी मांडलेले आहेत. पण ट्रॅक्टर, मोटरसायकल, पाण्याचे पंप, टाइल्स, रंग यांपैकी कशाचीही एजन्सी चालवलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील.

तक्रार इंदापूरवाल्यांची आहे. ‘माझ्या तालुक्यात अकलूजवाल्यांनी वर्षभरात पंचवीस-तीस ट्रॅक्टर घातले. भाव पाडून घातले. शोरूमचं भाडं, मेकॅनिकचे पगार, गावोगावचे डेमो मी करतो आणि गिऱ्हाईक ते घेऊन जातात. प्रत्येक ट्रॅक्टरमागचं माझं मार्जिन मला मिळालं पाहिजे.’ अकलूजवाल्यांचं उत्तर तयार आहे. ‘मी कोणाच्या दारात गेलो नाही. माणूस माझ्या शोरूमला आला, त्याला काय हाकलून देऊ? आणि बावडा-सराटी हा माझाच एरिया होता. इंदापूरची एजन्सी निघाली सहा वर्षांपूर्वी. त्याआधी तिथे ट्रॅक्टर कोण पोचवत होतं?’

व्यापारात या प्रकाराला इन्फिल्ट्रेशन म्हणतात, साध्या भाषेत दुसऱ्याच्या एरियात माल घालणं. कंपनीचा साहेब सहसा काय करतो? दोघांना चहाला बोलावतो, ‘आपण एकाच घरातले’ वगैरे बोलतो, अकलूजवाल्यांना पुन्हा असं करू नका म्हणतो आणि इंदापूरवाल्यांना पुढच्या स्कीममध्ये काहीतरी जास्त देण्याचं आश्वासन देतो. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. याचं कारण असं की साहेबाने भांडण मिटवलं, पण नेमकं काय घडलं हे तपासलंच नाही. शिवाय इथे साहेब एक नसून दोन आहेत. इंदापूर कंपनीच्या पुणे ऑफिसखाली येतं, अकलूज सोलापूर ऑफिसखाली, आणि दोन्ही ऑफिसांना आपापलं टार्गेट आहे. सोलापूरच्या साहेबासाठी अकलूजचा प्रत्येक ट्रॅक्टर मोलाचा, मग तो कुठेही जावो. म्हणून पंच या दोघांपैकी कोणी असून चालणार नाही. ज्याच्या पगारावर या दोन ऑफिसांच्या विक्रीचा परिणाम होत नाही असा माणूस मुख्य कार्यालयातून यायला हवा, आणि त्याने बसायचं ते दोघांपैकी कोणाच्याही शोरूमात नव्हे. टेंभुर्णीला हायवेवर हॉटेलांची कमी नाही.

त्याने पहिलं काम करायचं ते करार वाचण्याचं. बहुतेक डीलरांनी एजन्सी घेताना करारावर सही केलेली असते, तो वाचलेला नसतो. त्यात एरियाची यादी असते, पण तिच्याच आसपास एक कलम असतं की हा एरिया फक्त तुमचाच आहे असं नाही, कंपनी तिथे दुसरा डीलर नेमू शकते. म्हणजे इंदापूरवाल्यांना ‘माझा तालुका’ वाटतो तो करारात ‘तुमच्यावर जबाबदारी असलेला तालुका’ एवढाच असू शकतो. तिकडे अकलूजवाल्यांच्या फायलीत जुन्या सेल्स ऑफिसरचं एक पत्र आहे: नवीन व्यवस्था होईपर्यंत बावडा, सराटी परिसरात आपण विक्री व सेवा द्यावी. नवीन व्यवस्था झाली, ऑफिसरची बदली झाली, पत्र कोणी मागे घेतलं नाही. अशी पत्रं आणि त्याहून जास्त तोंडी शब्द प्रत्येक वादाच्या तळाशी असतात. पंचाने ते उडवून लावू नयेत. तो शब्द कंपनीनेच दिलेला होता, आणि तो पाळल्याबद्दल आज त्या माणसाला चोर ठरवणं न्यायाचं नाही.

दुसरं काम मोजणीचं, आणि खरा निवाडा तिथेच होतो. ‘पंचवीस-तीस’ हा रागाचा आकडा आहे. प्रत्येक ट्रॅक्टरला चासी नंबर असतो. अकलूजवाल्यांनी वर्षभरात विकलेल्या प्रत्येक चासी नंबरसमोर काही गोष्टी मांडायच्या: गिऱ्हाइकाचा पत्ता, त्याने कोटेशन कधी आणि कोणाकडून घेतलं, बिलावरची सूट, डिलिव्हरीची तारीख, आणि ५० तासांची पहिली सर्व्हिस कुठे झाली. पासिंगच्या नंबरवर फार विसंबू नये. एमएच-४२ बारामतीचा आणि एमएच-४५ अकलूजचा हे खरं, पण मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालक राज्यातल्या कोणत्याही आरटीओकडे नोंदणी करू शकतो. नंबरप्लेट आता गावाचा भरवशाचा पुरावा राहिलेली नाही.

कोटेशनचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ट्रॅक्टर बहुतेक कर्जावर घेतला जातो आणि बँक किंवा फायनान्स कंपनी डीलरचं कोटेशन मागते. शेतकरी दोन-तीन ठिकाणची कोटेशनं घेतो, आणि गावातला दाखवून बाहेरच्याकडून सूट काढतो. यात त्याचं काही चुकत नाही. पण इंदापूरच्या डीलरने शेतात डेमो दिला, कोटेशन दिलं आणि पंधरा दिवसांत त्याच माणसाचा ट्रॅक्टर अकलूजहून निघाला, तर मेहनत एकाची आणि विक्री दुसऱ्याची हे तारखाच सांगतात.

आपल्या उदाहरणात यादी तयार झाली तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या पत्त्यांवर गेलेले ट्रॅक्टर निघाले १४. पंचवीस नाहीत, तीसही नाहीत. त्यातले ९ नदीकाठच्या पट्ट्यातले: सराटी, बावडा आणि आसपासचे. या माणसांचा आठवड्याचा बाजारच अकलूजला आहे. त्यांना दिलेली सूट अकलूजवाले आपल्या तालुक्यात देतात तेवढीच होती, आणि ९ पैकी ७ जणांची पहिली सर्व्हिसही अकलूजलाच झाली. राहिले ५. एकाच्या आधारकार्डावरचा पत्ता इंदापूरचा, जमीन माळशिरस तालुक्यात. एकजण अकलूजवाल्यांच्या मेकॅनिकचा मेहुणा. उरलेले ३ मात्र निमगाव केतकीचे. हे गाव इंदापूरच्या पलीकडे, बारामती रस्त्यावर आहे.  त्या तिघांना ३० हजारांची जादा सूट, वर छत आणि बंपर फुकट. तिन्ही व्यवहार गावातल्या एका कमिशन एजंटने जमवलेले, आणि तिन्ही ट्रॅक्टर तिमाहीच्या शेवटच्या चार दिवसांत बाहेर पडलेले.

यादी उलट बाजूनेही करायची असते, आणि तक्रारदाराला ते आवडत नाही. इंदापूरवाल्यांनीही नदीपलीकडे वर्षभरात ४ ट्रॅक्टर दिले होते. त्यातल्या दोघांना रोटाव्हेटर फुकट. बिलावर सूट दिसत नाही म्हणून तो भाव पाडणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. या धंद्यात सूट बिलावर कमी आणि बिलाबाहेर जास्त असते, त्यामुळे पंचाने बिलाबरोबर डिलिव्हरी चलनही मागवावं.

आता तारखांकडे पुन्हा पाहू. तिमाहीचे शेवटचे चार दिवस हा योगायोग नाही. समजा डीलरला एका ट्रॅक्टरमागे सगळं धरून ४५ हजार सुटतात. निमगावच्या ट्रॅक्टरमध्ये ३० हजार सुटीत गेले, ५ हजार एजंटला, उरले १० हजार. त्यात छत-बंपरचा खर्च आहेच. एवढ्यासाठी शहाणा व्यापारी दुसऱ्याच्या तालुक्यात जाईल का? जाईल, कारण कंपनीची स्लॅब होती. तिमाहीत ४० ट्रॅक्टर पूर्ण झाले तर प्रत्येक ट्रॅक्टरमागे ४ हजार जादा, म्हणजे एकूण १ लाख ६० हजार. अकलूजवाले ३७ वर अडकले होते. शेवटच्या तीन ट्रॅक्टरांनी त्यांना तीस हजारांपेक्षा कमी मिळवून दिले, पण त्यांच्यामुळे वरची सगळी रक्कम पदरात पडली. ते तीन ट्रॅक्टर त्यांनी फुकट वाटले असते असं नाही, पण बऱ्याच तोट्यात विकले असते तरी त्यांना परवडलं असतं.

माझ्या मते या जातीच्या बहुतेक वादांत तिसरा आरोपी टेबलाच्या पलीकडे पंच म्हणून बसलेला असतो. इंदापूरवाल्यांचं नुकसान अकलूजवाल्यांच्या लोभाने झालं हे अर्धसत्य आहे. ते घडायला लावणारी स्लॅब मुख्य कार्यालयातल्या कोणीतरी बनवली, आणि तिमाही संपताना ‘कसंही करून आकडा द्या’ असा फोन सोलापूर ऑफिसातूनच गेला. पंचाने निकालात हे लिहिलं नाही तर दोन्ही डीलर त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत, कारण दोघांनाही ते आधीपासून माहीत असतं.

मग अकलूजवाल्यांना बाहेर विकायला बंदीच का घालू नये? हा प्रश्न जगभर कोर्टात गेला आहे आणि त्याची उत्तरं बोधक आहेत. अमेरिकेत सिल्व्हेनिया ही टीव्ही बनवणारी कंपनी १९६० च्या सुमाराला फार मागे पडली होती. देशातल्या विक्रीत तिचा वाटा एक-दोन टक्क्यांवर आलेला. तिने घाऊक व्यापाऱ्यांना काढून थोडे निवडक दुकानदार नेमले, आणि प्रत्येकाला सांगितलं की ठरलेल्या जागेवरूनच विका. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉन्टिनेन्टल या दुकानदाराला साक्रामेंटो शहरात विकायचं होतं, तिथे कंपनीचा दुसरा दुकानदार होता. कंपनीने परवानगी नाकारली, कॉन्टिनेन्टलने तरी माल हलवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. १९७७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की असं बंधन मुळातच बेकायदा नाही. त्याने बाजारातली स्पर्धा एकंदरीत वाढते की मरते हे पाहून ठरवायचं. कारण ज्या दुकानदाराने जाहिरात केली, दुरुस्तीची सोय उभारली, त्याच्या मेहनतीवर शेजारचा फुकट विकू लागला तर पुढच्या वेळी ती मेहनत कोणीच करणार नाही. इंदापूरवाल्यांचं म्हणणं नेमकं हेच आहे.

युरोपात याआधीच, १९६६ मध्ये, दुसरी बाजू ठरली होती. ग्रुंडिग या जर्मन रेडिओ कंपनीने फ्रान्स देश कॉन्स्टेन या एकाच वितरकाला दिला, आणि बाहेरून ग्रुंडिगचाच माल आणून विकणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याला कोर्टात खेचण्यात आलं. युरोपीय न्यायालयाने इतकं कडेकोट संरक्षण मान्य केलं नाही. तिथून पुढे युरोपात एक उपयोगी भेद रुजला: दुसऱ्याला राखून दिलेल्या हद्दीत स्वतः जाऊन, एजंट ठेवून, जाहिरात करून विकणं कंपनी रोखू शकते; पण गिऱ्हाईक आपण होऊन दारात आलं तर त्याला विकण्यापासून डीलरला रोखू शकत नाही. आपल्याकडे हा भेद कायद्याच्या कलमात तसा लिहिलेला नाही, पण न्यायबुद्धीला तो पटतो. आपली यादीही त्यानेच सुटते. सराटीचे नऊ जण दारात आलेले. निमगावचे तिघे दारातून ओढून आणलेले.

भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचं तिसरं कलम कंपनी आणि डीलर यांच्यातल्या हद्दीच्या बंधनाला सरसकट बंदी करत नाही; बाजारातल्या स्पर्धेला त्याने लक्षणीय धक्का बसतो का, हे पाहून ठरवतं. भावाच्या बाबतीत मात्र हात पोळू शकतो. डीलरांनी ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ नये यासाठी दंड आकारण्याची पद्धत ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. ह्युंदाईला २०१७ मध्ये झालेला अशाच स्वरूपाचा ८७ कोटींचा दंड पुढच्या वर्षी अपिलात रद्दही झाला. म्हणजे प्रत्येक प्रकरणात निकाल पुराव्यावर फिरतो. पण इंदापूरवाल्यांची ‘त्यांना सूट द्यायला बंदी करा’ ही मागणी पंचाने पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवावी हे बरं.

याहून एक मोठा धोका आहे आणि तो चांगल्या हेतूतून येतो. पंच दोघांना समोरासमोर बसवतो आणि म्हणतो, ‘तुम्हीच आपसात ठरवा. कोणती गावं कोणाची, किती सूट द्यायची, लिहून सह्या करा, मी साक्षीदार.’ गावकीच्या भांडणात हा मार्ग शहाणपणाचा ठरेल. इथे मात्र दोन स्पर्धक विक्रेते आपसात गावं वाटून घेत आहेत आणि भाव ठरवत आहेत, आणि अशा कराराने स्पर्धेचं नुकसान होतं असं तेच तिसरं कलम गृहीत धरूनच चालतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, स्वतः त्या धंद्यात नसलेला पण असा करार जुळवण्यात भाग घेणाराही त्यात ओढला जाऊ शकतो. म्हणजे साक्षीदार साहेबसुद्धा. म्हणून क्रम असा हवा: दोघांचं म्हणणं वेगवेगळं ऐकायचं, कागदपत्रं दोघांना दाखवायची, आणि निर्णय कंपनीने स्वतःचं धोरण म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर द्यायचा. एकत्र बैठक घ्यायचीच तर ती झालेल्या गोष्टींच्या हिशेबापुरती. पुढच्या भावाचा विषय निघाला की पंचाने तिथेच थांबवायचं, आणि थांबवलं असं टिपणात लिहायचं.

आता हिशेब. इंदापूरवाल्यांनी मागितले होते १४ ट्रॅक्टरांचे प्रत्येकी ४५ हजार, म्हणजे ६ लाख ३० हजार. यात गृहीत असं आहे की अकलूजवाले नसते तर चौदाच्या चौदा ट्रॅक्टर इंदापुरातूनच गेले असते. तसं झालं नसतं. सराटीच्या माणसाला अकलूजमध्ये हा ट्रॅक्टर मिळाला नसता तर त्याने तिथेच दुसऱ्या कंपनीचा घेतला असता. म्हणून गमावलेल्या नफ्याऐवजी पंचाने विचारावं: दुसऱ्याच्या विक्रीमुळे तुमच्यावर कोणता खर्च पडला, आणि तुमची कोणती मेहनत दुसऱ्याने वापरली?

खर्च सर्व्हिसचा पडतो. वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे ट्रॅक्टर कुठूनही घेतलेला असो, जवळच्या डीलरने तो पाहिलाच पाहिजे. ‘जिथून घेतला तिथे न्या’ हे उत्तर गिऱ्हाइकाला देण्याची मुभा पंचाने कोणालाच देऊ नये, कारण भांडण डीलरांचं आहे आणि पेरणीच्या दिवसांत बंद पडलेला ट्रॅक्टर शेतकऱ्याचा. फुकट सर्व्हिसच्या कुपनामागे कंपनी डीलरला पैसे देते, पण मेकॅनिक मोटरसायकलवर शेतात जाऊन येतो तेव्हा ते पुरत नाहीत. समजा एका कुपनाला ६०० मिळतात आणि खरा खर्च ११०० येतो. स्वतः विकलेल्या ट्रॅक्टरवर ही तूट मार्जिनमधून भागते, दुसऱ्याने विकलेल्यावर खिशातून जाते. चार कुपनं आणि किरकोळ तक्रारींच्या फेऱ्या धरून एका ट्रॅक्टरचे ३ हजार धरू. मेहनतीचं मोल याहून कठीण. त्यासाठी सोपी कसोटी अशी की विक्रीआधीच्या ६० दिवसांत एरियाच्या डीलरने त्याच गिऱ्हाइकाला डेमो देऊन कोटेशन दिलं असेल, आणि ते विक्रीच्या आधीच कंपनीच्या सिस्टीममध्ये नोंदलेलं असेल, तर ७ हजार. भांडण सुरू झाल्यावर लिहिलेली डायरी चालणार नाही.

निमगावच्या तिघांचे सर्व्हिसचे ९ हजार. त्यातल्या दोघांना इंदापूरवाल्यांनी आधी डेमो आणि कोटेशन दिलं होतं, त्याचे १४ हजार. नदीकाठच्या नऊपैकी ज्या दोघांची सर्व्हिस इंदापूरला झाली त्यांचे ६ हजार. एकूण २९ हजार अकलूजवाल्यांकडून. उलट बाजूने रोटाव्हेटर दिलेले दोन ट्रॅक्टर आता अकलूजवालेच सांभाळतात, त्याचे ६ हजार वजा. इंदापूरवाल्यांच्या हाती २३ हजार. ही रक्कम कंपनीने दोघांच्या खात्यांवर डेबिट-क्रेडिट करून फिरवावी, आणि त्यावर जीएसटी कसा लागेल हे आधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावं.

सहा लाखांवरून तेवीस हजार. इंदापूरवाले खवळणारच. पण त्यांच्यापुढे १४ चासी नंबरांची यादी आहे आणि प्रत्येक रुपया कशाचा हे लिहिलेलं आहे, त्यामुळे वाद घालायचा तर तो एखाद्या ओळीवर घालावा लागेल. अकलूजवालेही खूश नसतील. पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्याच्या डेमोचे पैसे द्यावे लागले. दोघेही थोडे नाराज म्हणजे निकाल बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. मधोमध फाडलेला कोणताही निकाल दोघांना नाराज करतो.

मागचं मिटलं तरी पुढचं धोरण बदललं नाही तर पुढच्या तिमाहीला निमगावात पुन्हा एजंट दिसेल. कंपनीने तीन गोष्टी केल्या तर ती शक्यता बरीच कमी होते. एक, नदीकाठचा पट्टा गावांची नावं घालून सामाईक जाहीर करणं. तिथे दोघांपैकी कोणीही विकावं, आणि पहिल्या सर्व्हिसच्या कुपनावर ज्याचा शिक्का त्याला ३ हजार. जुन्या ऑफिसरचं पत्र त्याच दिवशी लेखी मागे घ्यावं. दुसरी गोष्ट कंपनीच्या खिशाला लागणारी आहे: कुपनाचा दर खऱ्या खर्चाजवळ आणणं. ती तूट भरून निघाली की शेजाऱ्याने विकलेला ट्रॅक्टर डीलरला ओझं वाटणार नाही. तिसरी गोष्ट स्लॅबची. सामाईक पट्टा सोडून बाहेर गेलेल्या ट्रॅक्टरवर नेहमीचं मार्जिन मिळेल, पण तो स्लॅबच्या मोजणीत धरला जाणार नाही. अकलूजवाल्यांना विकायची मोकळीक राहते, सूट द्यायचीही राहते, फक्त १० हजारांच्या व्यवहारामागे दडलेलं दीड लाखाचं आमिष जातं. हेही एक प्रकारचं बंधन आहेच, त्यामुळे वकिलाची नजर त्यावरून फिरलेली बरी. सोलापूर आणि पुण्याच्या साहेबांची टार्गेटंही याच नियमाने मोजावीत, नाहीतर डीलरचं आमिष जाऊन साहेबाचं राहील.

निकाल मान्य नसेल तर डीलरने कुठे जायचं? करारात बहुधा लवादाचं कलम असतं, आणि जुन्या करारांत लवाद कंपनीचा एखादा संचालकच नेमणार असंही लिहिलेलं असतं. पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वादाच्या निकालात ज्याचं हित गुंतलेलं आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येणार नाही. डीलरसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण त्याची बाजू इतर बाबतीत दुबळीच राहते. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारी एजन्सी चुकीच्या पद्धतीने काढली तरी ती परत मिळवून देता येत नाही. भरपाई मिळते ती नोटिशीच्या काळापुरती. करारात तसं कलम असलेल्या डीलरला कोर्टातून फारसं हाती लागत नाही हे तो जाणतो, कंपनीही जाणते. त्यामुळे तक्रार केली म्हणून माल अडवायचा नाही, स्कीम थांबवायची नाही, कराराचं नूतनीकरण लांबवायचं नाही, हे पंचाने पहिल्या दिवशी दोन्ही ऑफिसांकडून लेखी घेतलेलं असावं. नाहीतर सुनावणीत इंदापूरवाले मागतील तेवढंच, जेवढं मागायला भीती वाटत नाही.

दोन हंगाम जाऊ द्यावेत, म्हणजे दसरा-दिवाळीचा एक आणि पाडवा-अक्षय तृतीयेचा एक, कारण ट्रॅक्टर मुहूर्तावर सुटतात. मग तीच यादी पुन्हा काढावी. एकूण किती ट्रॅक्टर नदी ओलांडून गेले याला फार महत्त्व नाही. सराटीचे लोक अकलूजला जातच राहणार. पाहायचं ते तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात किती गेले, आणि पट्ट्याबाहेर किती गेले. ते आकडे इतर आठवड्यांसारखेच दिसले तर धोरण लागू पडलं. शेवटच्या आठवड्यात पुन्हा उंचवटा दिसला, तर अकलूजवाल्यांना बोलावण्याआधी पंचाने त्या तिमाहीची नवी स्कीम कोणी काढली हे मुख्य कार्यालयात विचारावं.